गच्चीच्या कठड्यातील ओव्हरफ्लो : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : «तुम्ही ओव्हरफ्लोचा उगाच बाऊ करता. नाशिकमध्ये काही कोकणासारखा पाऊस पडत नाही. माझ्या गच्चीला चार इंची दोन पाइप आहेत, वीस वर्षांत पाणी तुंबलेले नाही. चांगल्या कठड्याला भोक पाडून भिंत ओली करून घ्यायची कशाला?»

भिंत ओली होण्याची आपली शंका रास्त आहे आणि तिच्याकडे मी शेवटी येतो. पावसाचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. वर्षाचा एकूण पाऊस गच्चीला कळत नाही, तिला फक्त त्या एका सरीचा जोर कळतो, आणि सप्टेंबरातल्या वळवासारख्या सरीत तो नाशिकमध्येही चांगलाच असतो. त्यातून आपले दोन्ही पाइप उघडे असतील तर ते पाणी ते सहज वाहून नेतील, याबद्दल वादच नाही. ओव्हरफ्लो, म्हणजे साचलेले पाणी बाहेर पडावे म्हणून कठड्यात ठेवलेले भोक, ठेवायचा तो पाइप लहान आहेत म्हणून नव्हे, तर ते बुजतील म्हणून.

माझ्या स्वतःच्या घरी तसे झाले आहे. चार दिवस गावाला जाऊन आलो, तर गच्चीवर घोट्याच्या वर पाणी. एका जाळीवर कबुतराची पिसे आणि गुलमोहराचा पाला यांची गादी बसली होती, तर दुसरीवर वाळत घातलेल्या पापडाखालचा प्लास्टिकचा कागद अलगद येऊन चिकटला होता. साचलेल्या पाण्याच्या दाबाने तो इतका घट्ट बसला होता की बोटांनी सोलून काढावा लागला.

आता एक हिशेब करू. गच्ची 15 मीटर लांब, 8 मीटर रुंद. उतार रुंदीच्या दिशेने शंभरात एक, म्हणजे वरची कड खालच्या कडेपेक्षा 8 सेंटिमीटर उंच. दोन्ही पाइप खालच्या कडेला आणि जिन्याचे दार वरच्या कडेला. दाराचा उंबरा 15 सेंटिमीटर धरू. पाइप बुजल्यावर पाणी चढत जाते ते या उंबऱ्यापर्यंत, आणि मग जिन्याने घरात उतरते. म्हणजे आपल्या गच्चीलाही ओव्हरफ्लो आहेच, फक्त तो दारात आहे! त्या वेळी खालच्या कडेला 23 सेंटिमीटर पाणी असेल आणि सरासरी 19. एक सेंटिमीटर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला 10 किलो, म्हणून हे झाले 190 किलो. वावर असलेल्या सपाट छपरासाठी भारतीय मानक 875 मध्ये वापराचा भार साधारण 150 किलो धरलेला आहे. स्लॅब त्या क्षणी कोसळेल असे मी म्हणत नाही, कारण संकल्पनात राखीव ताकद असते. पण कोब्यावर दुसरा कोबा चढवून आणि टाक्या बसवून ती बऱ्याच घरांत आधीच खर्चलेली असते. तासाला 100 मिलिमीटरच्या जोराने पाऊस राहिला, तर ही पातळी दोन तासांच्या आत येते. गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजणारे आपण गच्चीवरचे पाणी मात्र कधी मोजत नाही.

याच गच्चीच्या खालच्या कठड्यात 30 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच भोक ठेवले, त्याचा तळ पाइपाच्या तोंडाजवळच्या तयार पृष्ठभागापेक्षा 5 सेंटिमीटर वर घेतला, तर काय होते ते पाहा. तेवढ्याच जोराच्या पावसात 120 चौरस मीटरवरून सेकंदाला सव्वातीन लिटरच्या आसपास पाणी येते आणि तळावरून सुमारे 4 सेंटिमीटर उंचीने वाहताना हे भोक तेवढे बाहेर टाकते. म्हणजे खालच्या कडेला 9 सेंटिमीटर, वरच्या कडेला एक, सरासरी 5. भार 50 किलो. पाऊस कितीही वेळ पडला तरी तो याच्या वर जात नाही. अशी दोन भोके एकमेकांपासून लांब ठेवावीत, म्हणजे एक अडले तरी दुसरे चालते. त्यांना बारीक जाळी लावू नये आणि त्यांचे पाणी खालच्या पाइपाला जोडू नये, कारण तो पाइपच तुंबला असेल तर सारे व्यर्थ.

भिंत ओली होते ती भोकामुळे नव्हे, अर्धवट कामामुळे. भोकात वॉटरप्रूफिंगचा थर तळावर आणि दोन्ही बाजूंनी आतपर्यंत वळवून घ्यावा, बाहेर 15 सेंटिमीटर पुढे येणारी पन्हळ बसवावी आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवावी. पाणी मुद्दाम दिसेल अशा जागी, फाटकाकडे किंवा अंगणात पडू द्यावे. एरवी कोरडी असलेली पन्हळ वाहू लागली की वर पाइप बुजला आहे, हे आपल्याला जिना न चढता कळेल.

पुन्हा कोबा करून घ्याल तेव्हा मात्र मिस्त्रीजवळ उभे राहा. पृष्ठभाग 5 सेंटिमीटर चढला की भोकाचा तळ जमिनीशी येतो आणि रोजचे पाणी तिथूनच वाहू लागते. मग भिंत खरोखरच ओली होते, आणि मिस्त्री ते भोक सिमेंटने बुजवून टाकतो. काम झाल्यावर दोन्ही पाइपांत बोळे घालून गच्ची भरून पाहावी. पाणी पहिल्यांदा पन्हळीतून बाहेर पडले पाहिजे, आणि तोवर उंबरा कोरडा राहिला पाहिजे.