फुकटचं प्यादं खावं की नाही?

"ओपनिंगमध्ये फुकटचं प्यादं दिसलं तरी हात लावायचा नाही. आधी घोडे-उंट बाहेर काढा, किल्लेकोट करा, मग बघा. ते प्यादं कुठे पळून जातंय? आणि b2 चं प्यादं वजिराने खाणं म्हणजे तर आत्महत्याच."

बुद्धिबळात असा सल्ला दिला जातो. पण प्यादं पळून जातं हो. सोडलेलं प्यादं पुढच्याच चालीत कुणीतरी राखतं, आणि तोपर्यंत आपला हिशेबही चुकलेला असतो. पेट्रॉव्ह ही ओपनिंगच बघा: `1.e4 e5 2.Nf3 Nf6`. e5 चं प्यादं उघडं आहे. ते मारायला पांढऱ्याला नवा मोहरा काढावा लागत नाही, बाहेर आलेलाच घोडा मारतो. म्हणून `3.Nxe5` ही लोभी चाल नाही, या ओपनिंगची मुख्य चाल आहे. काळ्याने `3...d6` खेळून आधी घोडा हुसकावला आणि मग e4 मारलं, की हिशेब बरोबरीत. पण घाई करून लगेच `3...Nxe4` खेळला, तर `4.Qe2` येते. आता घोडा वाचवायला तो `4...Nf6` ला गेला की `5.Nc6+`: e ओळीतून वजिराचा उघडा शह आणि घोड्याची नजर d8 च्या वजिरावर. काळ्याचा वजीर गेला. प्यादं तेच, पटही तोच. एका चालीच्या क्रमाने सगळं बदललं.

किल्लेकोटापर्यंत थांबण्याचा मुद्दा गॅम्बिटमध्ये, म्हणजे हल्ल्यासाठी प्यादं मुद्दाम देतात त्या ओपनिंगमध्ये, तर साफ कोसळतो. डॅनिश गॅम्बिटमध्ये पांढरा दोन प्यादी देतो: `1.e4 e5 2.d4 exd4 3.c3 dxc3 4.Bc4 cxb2 5.Bxb2`. काळ्याचा एकही मोहरा जागचा हललेला नाही आणि पांढऱ्याचे दोन्ही उंट राजाच्या बाजूकडे रोखलेत. जुना ढोबळ हिशेब असा की तीन चालींची आघाडी म्हणजे एक प्यादं. त्या मापाने काळा मजेत आहे. पण राजा मध्यावर आणि ओळी मोकळ्या असल्या की हे माप चालत नाही. दोन्ही प्यादी छातीशी धरून बसणारा इथे मार खातो, मीही खाल्लाय.

जुना ऑस्ट्रियन मास्टर श्लेख्टर याचा उपाय वेगळा आहे: खाल्लेलं वेळेवर परत करायचं. `5...d5 6.Bxd5 Nf6`. आता पांढऱ्याला वाटतं सापडलं: `7.Bxf7+ Kxf7 8.Qxd8`. वजीर गेला! पण `8...Bb4+` या शहाला पांढऱ्याला वजीर आडवा घालावाच लागतो: `9.Qd2 Bxd2+ 10.Nxd2`. दोन्हीकडे पाच-पाच प्यादी, मोहरेही सारखे. काळ्याचा राजा f7 वर उघडा दिसतो, पण वजीर पटावर नाहीत म्हणून त्याला घाबरायचं कारण नाही. उलट वजिराच्या बाजूला काळ्याची तीन प्यादी आणि पांढऱ्याचं एकच. प्यादी खाऊन काळ्याने जे मिळवलं ते त्याने हल्ला विझवण्यासाठी खर्च केलं. खाल्लीच नसती तर परत द्यायला काही नसतं.

b2 बद्दल मात्र अर्धं मान्य. आत्महत्या हा शब्द सिसिलियन बचावाच्या नायडॉर्फ प्रकाराला लागू नाही. `1.e4 c5 2.Nf3 d6 3.d4 cxd4 4.Nxd4 Nf6 5.Nc3 a6 6.Bg5 e6 7.f4 Qb6 8.Qd2 Qxb2` हे 'विषारी प्यादं' बॉबी फिशरचं आवडतं होतं. 1972 मध्ये रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या सामन्यात बोरिस स्पास्कीविरुद्ध सातव्या डावात त्याने ते खाल्लं, डाव बरोबरीत सुटला. अकराव्या डावात पुन्हा खाल्लं. वजीर a3 वर जाऊन बसला. चौदाव्या चालीला स्पास्कीने c3 चा घोडा चक्क घरी, b1 ला नेला! ती माघार नव्हती. तिथून त्याने a3 च्या वजिरावर हल्ला केला. वजीर b4 ला सरकला, मग पांढऱ्याच्या प्याद्यांनी एकेक घर बंद करत आणलं आणि पंचविसाव्या चालीला `25.axb5` ने वजीर गेला. फिशरने त्या डावात किल्लेकोट केलाच नव्हता.

तरी बोट नुसतं किल्लेकोटावर ठेवू नका. वजीर b2 ला गेल्यावर त्याला परतीची वाट आहे का, हे तपासा: a3, b4, a5, b6 यांपैकी कोणती घरं पुढच्या तीन-चार चालींत शत्रूचं प्यादं किंवा घोडा बंद करू शकतो, ते बोटं मोजून पाहा. e5 मारणाऱ्या घोड्याला d6 नंतर f3 ही वाट मोकळी होती. फिशरच्या वजिराला तशी उरली नाही.