थोडी आशा ठेवली असती तर काय बिघडलं असतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "ताई, लेख वाचला. सात वर्षं सोबत राहिलेल्या मुलाला 'माझी इच्छा उरलेली नाही' असं तोंडावर फेकायचं आणि वर त्याला प्रेमाने लिहिलेलं पत्र म्हणायचं? थोडी आशा ठेवली असती तर त्याचं काय बिघडलं असतं? मुळात पत्र लिहिणं हाच पळपुटेपणा. समोर बसून बोला. आणि एवढं लांबलचक वाचतं कोण? तुम्हाला कोणी सोडून गेलेलं दिसत नाही, म्हणून उपदेश सोपा जातो. – एक नाशिककर"

नमस्कार. मागचा लेख एका मुलीने सात वर्षांचं नातं थांबवताना लिहिलेल्या निरोपाच्या पत्रावर होता, त्यावरची ही तुमची प्रतिक्रिया. ताई म्हणून सुरुवात केलीत आणि चार वाक्यांत उपदेशापर्यंत आलात. ज्या मुलीने स्वतःचं खाजगी पत्र, तपशील बदलून का होईना, इथे छापायला दिलं, तिच्या पत्राला 'तोंडावर फेकणं' म्हणताना तुम्ही क्षणभर थांबला असतात तर बरं झालं असतं. मतभेद मला चालतात. हा सूर चालत नाही, आणि तो नाशिककराने लावावा याचं जास्त वाईट वाटलं.

लांबीबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. असं पत्र हाताने लिहिलं तर दोन पानांच्या वर जाऊ नये. त्यापुढे माणूस निरोप देत नाही, स्वतःची बाजू मांडायला लागतो.

आता ते आशेचं वाक्य. त्यासाठी आधी मला एक सांगावं लागेल, कारण मला कोणी सोडून गेलेलं नाही असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. मला सोडून गेलेला माणूस अतिशय सज्जन होता. त्याने मला लिहिलं होतं, 'सध्या थांबूया. माझ्या डोक्यात खूप गोंधळ आहे. तू आहेस तशीच माझ्यासाठी राहशील.' एकही कठोर शब्द नव्हता. त्या सज्जनपणावर मी थांबले. घरी आलेली स्थळं परतवली. पुण्यात चांगली नोकरी मिळत होती ती नाकारली, कारण गोंधळ संपला आणि मी नाशिकमध्ये नसले तर? गोंधळ वगैरे काही नव्हता. त्याचं ठरलेलं होतं, फक्त मला रडताना पाहायची त्याची तयारी नव्हती. त्याच्या लग्नाची बातमी मला कॉलेज रोडवर एका मैत्रिणीकडून कळली. तर आशेने काय बिघडतं हे मी कुठल्या उंच ओट्यावरून सांगत नाहीये.

रॉय बाउमाइस्टर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत 1993 मध्ये एकतर्फी प्रेमाच्या अनुभवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नकार मिळालेल्या आणि नकार दिलेल्या अशा दोन्ही बाजूंच्या आठवणी होत्या. नकार देणाऱ्यांना अपराधी वाटत होतं, समोरच्याला दुखवायला जीभ रेटत नव्हती. नकार मिळालेल्यांना वाटत होतं की आपल्याला झुलवत ठेवलं, स्पष्ट कुणी सांगितलंच नाही. अनेक वर्षांचं नातं ही वेगळी गोष्ट आहे हे मला कळतं, पण मऊ शब्दांचं तिथेही तेच होतं. लिहिणाऱ्याला त्यातला मऊपणा दिसतो आणि वाचणारा त्यात फट शोधतो.

आणि ती फट बहुतेक वेळा 'थोडी आशा ठेव' अशा उघड वाक्यात नसते. ती कारणात असते. माझ्या मूळ लेखाचा सगळा भर यावर होता आणि तुम्ही नेमकं तेच ओलांडून गेलात.

त्या मुलीचा पहिला मसुदा मी लेखात दिला नव्हता. तिच्या परवानगीने आता सांगते. मुलगा दिंडोरी तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. ही नाशिकमध्ये नोकरी करणारी. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं: 'मळ्यातल्या घरात राहणं मला जमेल असं वाटत नाही. तुमच्याकडे सगळे एकत्र, मला माझी अशी खोलीही मिळणार नाही. आईही अजून तयार नाही.' वाचायला किती सौम्य आहे बघा. कुणावर आरोप नाही. पण हे वाचून तो मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी काय करेल? तो गवंड्याला बोलावेल. हे मी कल्पनेने म्हणत नाही. वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली आणि न्हाणीघर काढायचं त्याचं आधीच चाललं होतं, सोसायटीतून कर्ज मिळेल का याची चौकशी झाली होती. तिच्या आईला भेटायला तो घरच्या मोठ्या माणसांना घेऊन आला असता. म्हणजे निरोपाचं पत्र त्याच्या हातात कामांची यादी बनून पडलं असतं, आणि स्लॅब पडल्यावर तिला पुन्हा नाही म्हणावं लागलं असतं. तुमच्या 'थोड्या आशेची' किंमत त्या मुलाने कर्जाच्या हप्त्यांतून फेडली असती.

मी तिला विचारलं, उद्या तो गंगापूर रोडला फ्लॅट घेऊन आला, तुझी आई हो म्हणाली, तर लग्न करशील? ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, नाही. मग घर हे कारण नव्हतंच. आई हेही नव्हतं. ती गेला बराच काळ त्याला भेटायला जात होती ती रविवार आला म्हणून. चांगली बातमी त्याला सांगायची आठवण तिला दोन दोन दिवसांनी व्हायची. त्याने काही केलं नव्हतं. तिच्यातून काहीतरी सरलं होतं, आणि ते त्याने खोली बांधून परत येण्यासारखं नव्हतं.

घरचे तयार नाहीत, जात आड येते, नोकरीचं ठरत नाही, ही आपल्याकडची नेहमीची कारणं. ती काही वेळा खरीही असतात. पण अडचण म्हणून सांगितलेलं कारण ऐकणारा माणूस ती अडचण दूर करायला निघतो, आणि प्रेम करणारा तर निघणारच. म्हणून माझी कसोटी एकच आहे. कारणाचा परिच्छेद एखाद्या विश्वासू माणसाला वाचायला द्या आणि विचारा, 'हे वाचून त्याने काय करायला हवं?' उत्तरात एक जरी काम आलं, म्हणजे आईला भेटेन, बदली मागेन, स्वभाव बदलेन, तर परिच्छेद पुन्हा लिहायचा. शेवटच्या मसुद्याचा हा भाग पुन्हा देते. या वेळी सावकाश वाचा:

'मी आपलं नातं इथे थांबवते आहे. हा निर्णय मी एकटीने घेतला आहे, घरच्यांनी नाही. तुझ्यासोबत आयुष्य काढायची इच्छा माझ्यात उरलेली नाही. हे हळूहळू झालं आणि मला स्वतःला कबूल करायला वेळ लागला. तू वेगळं काही केलं असतंस तर हे टळलं असतं, असं मला वाटत नाही. खोलीचं काम माझ्यासाठी काढू नकोस. बाबांच्या ऑपरेशनच्या रात्री तू दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होतास, पहाटे चहा घेऊन वर आलास. त्या रात्री मला तुझा आधार होता आणि ते मी कधी नाकारणार नाही. पण त्या रात्रीच्या उपकारावर मी लग्न करू शकत नाही, आणि तुला तसं लग्न मिळू नये.'

यात 'तू मला वेळ दिला नाहीस' नाही, 'तुला बागेशिवाय काही सुचत नाही' नाही. दोन्ही वाक्यं आधी होती. दोन्ही थोडीफार खरीही होती. ती काढली, कारण जो निर्णय बदलणार नाही त्याच्या खाली जुन्या तक्रारी लिहिल्या तर त्या माणसाला फक्त पुढे पुरतात. तो पुढची काही वर्षं 'मी वेळ दिला असता तर' हेच घोकत बसतो. आणि नुसतं 'तुझी काही चूक नाही' म्हणून सोडूनही चालत नाही. मग का, या प्रश्नाला तो स्वतःच उत्तरं शोधतो, आणि ती खऱ्यापेक्षा वाईट असतात. म्हणून इच्छा उरली नाही हे वाक्य राहिलं. तुम्हाला ते कठोर वाटतं. मला त्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य तेच वाटतं, कारण त्यावर त्या मुलाला काहीच करायचं उरत नाही. आणि मऊपणा हवा होता ना, तो दवाखान्याच्या पायऱ्यांत आहे. घडून गेलेली, दोघांना माहीत असलेली एक गोष्ट. 'तू नेहमीच माझ्यासाठी खास राहशील' असं लिहिलं असतं, तर त्या 'नेहमीच'वर तो थांबला असता. मी थांबले होते.

वेळेचंही तेच. ती आधी द्राक्षं निघू देत म्हणून थांबली. मग एप्रिलची खरड छाटणी आली, मग पाऊस, मग ऑक्टोबरची छाटणी. बागेला मोकळा महिना नसतो. त्या काळात तो खोलीचे बेत करत होता आणि ही हं हं करत होती. आशा अशीही ठेवली जाते, एक शब्दही न लिहिता.

पळपुटेपणाबद्दल फार लिहीत नाही. पत्राच्या शेवटी 'येत्या रविवारी भेटू, तुला विचारायचं ते विचार, मी उत्तर देईन, पण निर्णय तोच राहील' असं स्पष्ट आहे. दिलेल्या तासाला ती गेली आणि बसली. तिने पत्र शनिवारी संध्याकाळी त्याचा चुलतभाऊ घरी असेल असं बघून हातात दिलं, त्या भावाला आधी कल्पना दिली. हे तुम्ही वाचलेलं दिसत नाही. जिथे समोरचा माणूस मारतो, धमकावतो, पाठलाग करतो, तिथे ना भेट ना लांब पत्र. दोन ओळी आणि घरच्यांना, गरज पडली तर पोलिसांना खबर. आणि कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली, तर आपण परत जाऊन त्याला शांत करू नये. त्याच्या जवळच्या माणसाला लगेच कळवावं आणि टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक द्यावा. सरकारी सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

समोर बसून सुरुवातीपासून सांगावं की आधी पत्र द्यावं, यावर वाद होऊ शकतो आणि तो मी आनंदाने घालेन. पण पुढच्या वेळी मला जे बोलायचं ते बोला, त्या मुलीला पळपुटी म्हणू नका. ती या प्रतिक्रिया वाचते.