थोडं थोडं काढलेलं बिटकॉइन कुठे जातं?

“एक्सचेंजवर काही ठेवू नका. जमेल तसं, अगदी थोडं थोडं, वॉलेटमध्ये काढत राहा. फी किरकोळ असते आणि उरलेलं कधीही काढता येतं.”

हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातल्या पहिल्या वाक्यामागची काळजी मला मान्य आहे. एक्सचेंज बुडाली की ठेवही अडकते. पुढचं मात्र हिशोबात टिकत नाही.

फी किरकोळ वाटते, कारण ती एकेका वेळेपुरती पाहिली जाते. बऱ्याच ठिकाणी ती रकमेवर नसते, दर वेळी ठरलेली असते. समजा, फी ३,००० सातोशी, म्हणजे बिटकॉइनची सर्वांत लहान एककं, आणि एका वेळी काढायची किमान मर्यादा १०,००० आहे. खात्यात ६०,००० आहेत. सहा वेळा दहा-दहा हजार काढले, तर १८,००० फीतच जातात आणि वॉलेटमध्ये सात-सात हजारांचे सहा तुकडे पडतात. एकदाच काढले तर ५७,००० हाती येतात.

खरा फटका पुढे बसतो आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात. वॉलेट एकच बेरीज दाखवतं, पण आत ते सहा तुकडे वेगळेच राहतात. खर्च करताना नेटवर्क फी रकमेवर नाही, व्यवहाराच्या आकारावर लागते. हा आकार vB, म्हणजे व्हर्च्युअल बाइटमध्ये मोजतात. `bc1q` ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरचा प्रत्येक तुकडा साधारण ६८ vB जागा घेतो, बाकीचा व्यवहार सुमारे ४२. दर २० `sat/vB`, म्हणजे प्रत्येक vB ला २० सातोशी असताना सगळे सहा तुकडे पाठवायला ९,००० लागतात. म्हणजे ६०,००० मधले ३३,००० उरले. एकच तुकडा असता तर फी २,२०० आणि शिल्लक ५४,८००. दर १०३ च्या पुढे गेला, की सात हजारांचा तुकडा स्वतःच्या फीलाही पुरत नाही. पैसे दिसतात, पण हलवणं परवडत नाही.

उरलेलं कधीही काढता येतं, हे तर सरळ चूक आहे. ६०,००० मधले ५५,००० काढलेत, तर मागे पाचच हजार राहतात. दहा हजारांच्या अटीत ते अडकले, नवी भर घालेपर्यंत निघणार नाहीत. म्हणून एक तर सगळं काढा, नाही तर मागे निदान किमान मर्यादेएवढं ठेवा. फी रकमेतूनच कापतात की वरून घेतात, हेही पुष्टी करण्याआधीच्या पानावर पाहा. वरून घेत असतील तर सगळं काढताना आकडा ५७,००० टाकावा लागतो.

मी स्वतः फी रकमेच्या ५ टक्क्यांवर जाऊ देत नाही. इथे ते ६०,००० ला जमतं. तेवढं साचेपर्यंतची जोखीम मला झेपते. कुणाला ती नको असेल, तर एक्सचेंज लाइटनिंगने, म्हणजे छोट्या रकमांसाठीच्या बिटकॉइनवरच्या वेगळ्या नेटवर्कने, पाठवते का ते बघावं, तिथली मर्यादा सहसा बरीच खाली असते.

तुकडे आधीच पडले असतील, तर दर उतरण्याची वाट पाहा. २ `sat/vB` असताना तेच सहा तुकडे स्वतःच्याच पत्त्यावर एकत्र करायला ९०० सातोशी पुरतात.