बुलेट पॉइंट कमी करा, सर

फौजेतून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याला दोनच कामं जमतात, असं रिक्रूटर मंडळींचं ठाम मत आहे. एक, गेटमधून कोण आत येतंय ते बघणं आणि दुसरं, कॅन्टीनच्या कंत्राटदाराला झापणं. पहिल्याला ‘हेड, सिक्युरिटी’ म्हणतात, दुसऱ्याला ‘हेड, अ‍ॅडमिन’. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस. उभी नोकरी पीठ, डाळ, रॉकेल, डिझेल आणि ट्रक यांच्या संगतीत काढलेली. मला हवं होतं ऑपरेशन्समधलं काम, म्हणजे गोदाम, वाहतूक, पुरवठा. पण फौजी माणसाच्या कागदावर ‘ऑपरेशन्स’ वाचलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तोंडाला काळं फासून झुडपातून सरपटणारा इसम उभा राहतो. मी सरपटलोही आहे, नाही असं नाही, पण ते प्रशिक्षणात. पुढे जे केलं ते हिशेबाचं काम.

पहिला बायोडेटा मी फौजेत लिहितात तसा लिहिला. ‘2आयसी, एएससी बटालियन, एचएए. ओआयसी एडब्ल्यूएस. व्हीओआर कायम कमी.’ आमच्या जगात एवढ्यावर माणूस मान डोलावतो. लेकीनं तो वाचला आणि म्हणाली, “बाबा, हा वायफायचा पासवर्ड आहे का?”

ती एका ई-कॉमर्स कंपनीत आहे, त्यामुळे घरात तिचा हुद्दा माझ्याहून वरचा. तिनं सांगितलं की मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज बऱ्याचदा आधी एक सॉफ्टवेअर चाळतं. जाहिरातीतले शब्द अर्जात सापडले तर अर्ज वर येतो, नाहीतर तळाशी बसतो. तिथून सुटला तर माणसाच्या हाती पडतो, आणि त्या माणसालाही दिवसात असे ढीगभर अर्ज संपवायचे असतात. एचएए म्हणजे हाय अल्टिट्यूड एरिया हे शोधत बसायला त्याला सवड नाही. हुद्द्याचंही तेच. “लेफ्टनंट कर्नल म्हणजे लेफ्टनंट ना सर? मग तसे ज्युनिअरच,” असं एका मुलीनं मला फोनवर अत्यंत आपुलकीनं सांगितलं होतं.

मग लेकीनं सुधारून दिलेला बायोडेटा इतका सुधारला की मी त्यात ‘हाय-अल्टिट्यूड लास्ट-माइल फुलफिलमेंट लीडर’ झालो. तो एका कोर्समेटला पाठवला. त्याचा लगेच फोन, “काय रे, लडाखला पिझ्झा पोचवत होतास?”

तेव्हा ठरवलं की दोन्ही टोकं सोडायची. एकच काम घ्यायचं आणि ते शेजारच्या जोशीकाकूंना समजेल असं लिहायचं. निवडलं ते एडब्ल्यूएस, म्हणजे अ‍ॅडव्हान्स विंटर स्टॉकिंग.

लडाखला रस्त्यानं जायच्या जुन्या वाटा दोन. एक श्रीनगरहून झोजिलावरून, दुसरी मनालीहून. झोजिला साडेअकरा हजार फुटांवर. हल्ली सीमा सडक संघटना बर्फ फार लवकर हटवते, 2025 मध्ये तर ही खिंड 32 दिवसांत पुन्हा खुली झाली. आमच्या वेळी मात्र नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात घाट मिटला की एप्रिल-मेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. विमानं असतात, पण त्यांतून पिठाची पोती आणि रॉकेलचे जेरीकॅन न्यायचे ठरवले तर सरकारचं दिवाळं निघेल. म्हणून थंडीत जे खायचं, जाळायचं आणि गाडीत भरायचं, ते सगळं उन्हाळ्यातच वर चढवून ठेवायचं. माणसं किती, माणशी रोजचं रेशन किती, दिवस किती, यांचा गुणाकार करायचा आणि त्यावर राखीव साठा धरायचा. कागदावर हे चौथीचं गणित आहे. घाटात दरड आली की ते बारावीचं होतं.

त्यावरून रिक्रूटरला जो परिच्छेद लिहिला, तो मराठीत साधारण असा: ‘थंडीत रस्ता बंद होणाऱ्या डोंगरी भागासाठी सुमारे सहा महिन्यांचा साठा उन्हाळ्यात पोचवण्याचं काम माझ्याकडे होतं. हाताखाली तीनशेच्या आसपास माणसं आणि शंभराहून जास्त ट्रक, त्यांत भाड्यानं घेतलेले खासगी ट्रकही. सप्टेंबरात दरड कोसळून रस्ता अडला, तेव्हा मी माल पाठवण्याचा क्रम बदलला. रॉकेल आणि औषधं आधी, डबाबंद फळं आणि ज्यूस शेवटी. घाट बंद होण्याआधी गरजेचा सगळा माल पोचला. ज्यूस ठरल्यापेक्षा कमी पोचला.’

यात पलटणीचं नाव नाही, ठाण्याचं नाव नाही, आकडे मोघम. ते तसंच हवं. नोकरी संपली तरी गोपनीयता संपत नाही, आणि रिक्रूटरला पलटणीचा क्रमांक कळून तो करणार काय? त्याला चार गोष्टी हव्या असतात. किती माणसं, किती माल, काय बिघडलं, आणि तुम्ही काय ठरवलंत. या चौथ्या गोष्टीपाशी आमची मंडळी अडखळतात. फौजेत ‘माझ्या नेतृत्वाखालील तुकडीने’ असं लिहायची सवय, त्यामुळे दहा ओळी वाचूनही साहेबांनी स्वतः काय केलं ते कळत नाही. ज्यूसचं शेवटचं वाक्य लेक काढून टाक म्हणत होती. मी ठेवलं. सगळंच पोचलं असं लिहिणाऱ्यावर गोदामात राबलेला कुठलाही माणूस विश्वास ठेवणार नाही.

हे पत्र गेल्यावर फोन यायला लागले, आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली.

“सर, पी अँड एल सांभाळलाय?”

“बजेट सांभाळलंय. नफा आमच्याकडे नसायचा.”

“ओके सर. आणि अ‍ॅट्रिशन? म्हणजे माणसं सोडून किती जायची?”

“सोडून जायची नाहीत. रजा मागायची.”

पलीकडे जरा वेळ नुसतं टाइप केल्याचा आवाज.

हे दोन प्रश्न थट्टेचे नाहीत हे मला नंतर नीट कळलं, आणि आता मी त्यांची उत्तरं आपणहून पत्रातच लिहितो. फौजेत मागणी पक्की असते. जवान किती ते माहीत असतं, आणि मंगळवारी ते अचानक डाळ खायची सोडत नाहीत. अनिश्चित असतो तो रस्ता. कंपनीत नेमकं उलटं. ट्रक बहुतेक वेळा येतो, पण गिऱ्हाईक येईल की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमचा राखीव साठा रस्त्याच्या भीतीपोटी, त्यांचा गिऱ्हाइकाच्या लहरीपोटी, आणि त्यांच्या साठ्यावर रोज व्याज चढत असतं, जे आम्ही कधी मोजलं नाही. माणसांचंही तसंच. गोदामातला कंत्राटी पोरगा पलीकडच्या कंपनीत चार पैसे जास्त मिळाले की सोमवारी उगवत नाही, आणि त्याला हजेरीला उभं करून ओरडायची सोय नाही. अडलेला पुरवठा पुढे सरकवणं मला येतं, मागणीचा अंदाज बांधणं शिकावं लागेल, असं मी सरळ लिहितो. या वाक्यावर दोन रिक्रूटर गळाले, पण ज्यांनी पुढे बोलावलं ते कामाचं बोलले.

मधल्या काळात एकीनं सल्ला दिला, “सर, बुलेट पॉइंट कमी करा, फार आहेत.” आता हे कोणाला सांगावं! फायरिंग रेंजवर जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढी रिकामी काडतुसं परत मोजून घ्यावी लागतात. एक कमी पडलं तर अख्खी तुकडी संध्याकाळपर्यंत गवतात ओणवी. मी तिचा सल्ला मानला आणि उरलेल्या पाचांत ही काडतुसं घातली. त्यांच्याकडे त्याला इन्व्हेंटरी रिकन्सिलिएशन म्हणतात, आणि त्यात गवत नसतं एवढाच फरक.

“करंट सीटीसी?” हा एक वेगळाच घाट. पगाराचा आकडा सांगता येतो. पण सरकारी बंगला, रेशन, कॅन्टीन आणि इस्पितळ यांची रुपयांत किंमत काय लावायची? नुसता पगार सांगितला तर स्वस्तात पडतो, सगळं धरलं तर समोरचा पेन्शन वजा करायला बसतो. मी आता मागचा आकडा सांगतच नाही. या कामाला बाजारात काय देतात ते विचारून घेतो आणि त्यावर बोलतो. पेन्शन माझ्या मागच्या नोकरीची आहे, ती नव्या मालकाची सवलत नव्हे.

शेवटी चाकणजवळच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्यांनी मुलाखतीला बोलावलं. ऑपरेशन्सचा हेड माझ्याहून पुष्कळ लहान, पण गोदामात वाढलेला. हे चालण्यावरून कळतं, फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकला की ही माणसं न बघता बाजूला होतात. त्यानं हुद्दा विचारला नाही. “माल खराब किती व्हायचा?” एवढंच विचारलं.

मी अंडी सांगितली. वर जाताना ट्रक रात्री ट्रान्झिट कॅम्पला थांबायचा. ताडपत्रीखाली अंडी गोठायची आणि आतला ऐवज फुगून कवचं तडकायची. सकाळी क्रेट वरून सुरेख दिसायचा, दुपारी ऊन लागलं की खालून गळायला लागायचा. तोवर उतरवून घेणाऱ्यानं सही केलेली असायची. म्हणून अंडी सगळ्यात शेवटी चढवायची, कॅम्पला पोचताच सगळ्यात आधी उतरवून उबदार खोलीत ठेवायची, आणि ताब्यात घेताना वरचा नव्हे तर तळाचा ट्रे उघडून बघायचा. कडाक्याच्या थंडीत सरळ अंड्याची पावडर.

तो पुढे झुकला. “आमचं उलटं आहे. दारात ट्रक उभा राहतो आणि माल वितळतो. बाहेरून खोकी कडक, आत गिच्च.”

“मग घेताना कुठलं खोकं उघडता?”

“दाराजवळचं.”

“दाराजवळचं कशाला? ते पाहिजे तर तुमच्यासाठीच चांगलं ठेवलेलं असेल.”

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. मग मी विचारलं की माल वितळण्याइतका वेळ ट्रक नेमका अडतो कुठे. तो म्हणाला, “तळेगाव चौकात. कधी अर्धा तास, कधी दोन. झोजिला परवडला म्हणायची वेळ येते.”

म्हटलं, “झोजिलावर ट्रॅफिक कंट्रोल पोस्ट असते. कुठली गाडी कधी सोडायची ते वरून ठरतं, आणि एका वेळी एकाच दिशेनं. तुमचे ट्रक कारखान्यातून निघतात तरी कधी?”

“पाच वाजता.”

“म्हणजे एमआयडीसीच्या शिफ्ट सुटतात तेव्हाच.”

त्यानं गोदामाच्या सुपरवायझरला फोन लावला. माझी मुलाखत तिथेच राहिली आणि आम्ही पाऊण तास डिस्पॅचच्या वेळा बघत बसलो. निघताना एचआरच्या बाईंनी फॉर्म पुढे केला. त्यात सैनिकी हुद्द्याला रकाना नव्हता, अपेक्षित पगाराला होता. तो मी भरला.