‘शून्य त्रुटी’चा अहवाल आणि हिरवे चौकोन: अभिप्रायाला आमचे उत्तर

अभिप्राय (एक तारा): “पॅरिटी फाइल्स आणि दरमहा स्क्रबिंग यांचे पैसे घेतात. अहवालात दर वेळी ‘शून्य त्रुटी’. तरीही आमच्या मुलाखतीच्या फाइलमध्ये मधेच हिरवे चौकोन दिसतात. दुसरी एक फाइल आमच्याकडच्या डिस्कवरून कॉपीच होईना, आणि पॅरिटीने दुरुस्त करायला गेलो तर तीही मधेच थांबली. मग या फाइल्स नुसती जागा अडवायला आहेत का?”

सप्रेम नमस्कार,

आपण उल्लेख केलेल्या दोन्ही फाइल्स आम्ही तपासल्या असून त्यांची दुखणी एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत, म्हणून दोन्हींविषयी स्वतंत्रपणे लिहितो. आपल्यासारखाच मोठा व्हिडिओसंग्रह सांभाळणाऱ्या इतरांनाही हे उपयोगी पडेल, या हेतूने तपशील थोडा विस्ताराने देत आहोत.

आधी मुलाखतीची फाइल. ती आमच्याकडे दाखल झाली तेव्हा तिचा जो चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, नोंदवला होता तोच आजही येतो, आणि तिच्या पॅरिटी फाइल्सवरून, म्हणजे दुरुस्तीसाठी शेजारी ठेवलेल्या जादा माहितीवरून, केलेली पडताळणीही सर्व ब्लॉक जागेवर असल्याचे सांगते. याचा अर्थ, साठ्यात आल्यापासून त्या फाइलमधला एकही बिट बदललेला नाही. स्क्रबिंगमध्ये झेडएफएस ही फाइलप्रणाली साठ्यातला वापरात असलेला प्रत्येक ब्लॉक वाचते, तो लिहिताना काढून ठेवलेल्या चेकसमशी ताडते, आणि फरक आढळला तर इतर डिस्कवरच्या पॅरिटीतून तो ब्लॉक पुन्हा घडवून जागेवर लिहिते. तो ब्लॉक पहिल्यांदा लिहिला गेला तेव्हाच त्यात चूक असेल, तर चेकसमही त्या चुकीचाच निघतो आणि पुढचे प्रत्येक स्क्रबिंग त्याला बरोबरच म्हणते. पॅरिटी फाइल्सचेही तेच आहे: ज्या क्षणी त्या बनवल्या त्या क्षणीची फाइल त्या जपतात, मग ती निरोगी असो वा बिघडलेली.

चूक कुठे शिरली याचा माग काढता आला, कारण आपण कॅमेऱ्याचे मूळ कार्ड पुसले नव्हते. कार्डावरची फाइल आणि साठ्यातली फाइल आम्ही `cmp -l` या आज्ञेने बाइटगणिक ताडून पाहिली. दोन्हींची लांबी सारखीच आहे आणि संपूर्ण फाइलमध्ये फरक फक्त दोन बाइटचा आहे:

```
16384505641 144 104
16386119465 271 231
```

पहिला आकडा बाइटचे स्थान आहे. पुढचे दोन आकडे कार्डावरची आणि साठ्यातली किंमत असून ते अष्टमान पद्धतीत असतात. दोन्ही ओळींत फरक अष्टमान ४० एवढाच आहे, म्हणजे दोन्ही ठिकाणी तोच एक बिट १ चा ० झाला आहे. शिवाय त्या दोन स्थानांमधले अंतर १६,१३,८२४ बाइट आहे, आणि या संख्येला ४०९६ ने नेमका भाग जातो. संगणक मेमरी सहसा ४०९६ बाइटच्या पानांमध्ये वाटून देतो, त्यामुळे मेमरीतला एखादा कण कायमचा ० धरून बसला असेल तर त्याच पानातून पुन्हा पुन्हा जाणाऱ्या मजकुराला नेमकी अशीच ठेच लागते. डिस्कवरचा सेक्टर गेला असता तर ५१२ किंवा ४०९६ बाइटचा सलग पट्टा बिघडला असता, किंवा वाचतानाच त्रुटी आली असती. तेव्हा ज्या संगणकावरून कार्ड उतरवून फाइल आमच्याकडे पाठवली, त्याची मेमरी रात्रभर मेमटेस्टवर लावून पाहावी, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. केवळ दोन बिटांनी एवढे चौकोन कसे दिसतात, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. या प्रकारच्या चित्रणात बहुतेक फ्रेम आधीच्या फ्रेमवर बेतलेल्या असतात, त्यामुळे एका फ्रेममधली चूक पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत तशीच पसरत जाते.

यावरचा उपाय पॅरिटीच्या आधी येतो. फाइलचा चेकसम शक्य तितक्या लवकर, म्हणजे कार्डावरूनच काढावा, आणि ती यादी फाइल्सबरोबर पाठवावी. आपल्या पाठवणीबरोबर अशी यादी नव्हती, हे पोचपावतीवर नमूद आहे; यादी असती तर दाखल होतानाच फाइल नाकारली गेली असती. यात एक बारकावा मात्र सांभाळावा लागतो. कॉपी संपल्या संपल्या त्याच संगणकावर चेकसम काढला, तर संगणक बहुधा डिस्क न वाचता मेमरीत उरलेलीच प्रत वाचतो आणि सगळे ठीक असल्याचे सांगतो. डिस्क काढून पुन्हा जोडावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे दुसऱ्या संगणकावर पडताळावे. मुलाखतीची फाइल आम्ही कार्डावरून पुन्हा घेतली असून तिच्या पॅरिटी फाइल्सही नव्याने बनवल्या आहेत. जुन्या पॅरिटी फाइल्स कृपया आपल्याकडूनही काढून टाका, कारण त्या वापरून दुरुस्ती केल्यास चांगल्या फाइलची पुन्हा बिघडलेली फाइल होईल.

आता कॉपी न होणारी दुसरी फाइल, `A017.mov`. ही फाइल आपल्याकडच्या एकट्या डिस्कवर होती. त्या डिस्कपर्यंत आमचे स्क्रबिंग पोहोचत नाही. तिथे पॅरिटी फाइल्स हाच एक आधार होता आणि त्यांनी आपले काम चोख केले आहे. दुरुस्ती मधेच थांबली याचे कारण असे की, खराब सेक्टर आला की डिस्क चुकीचा मजकूर न देता वाचण्यासच नकार देते, आणि पॅरिटी फाइल्स बनवणाऱ्या व वापरणाऱ्या `par2` या आज्ञेला ब्लॉक चुकीचा आहे हे कळण्यासाठी तो आधी वाचता तर आला पाहिजे. म्हणून प्रथम खराब डिस्कवरून जमेल तेवढे वाचणाऱ्या `ddrescue` या आज्ञेने फाइल दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर उतरवून घ्यायची. जे वाचता येत नाही तिथे ते प्रत्येकी योग्य तेवढी रिकामी जागा सोडते, बाकीचा मजकूर आपल्या मूळ स्थानावरच राहतो, आणि मग दुरुस्ती सुरळीत होते:

```
ddrescue -r3 /mnt/disk/A017.mov A017.mov A017.map
par2 repair A017.mov.par2
```

ही फाइल ६४ जीबीची आहे. तिच्या पॅरिटी फाइल्स बनवताना ब्लॉक ४१,९४,३०४ बाइटचा आणि पॅरिटी ५ टक्के ठेवली होती, म्हणजे फाइलचे १५,२५९ ब्लॉक झाले आणि दुरुस्तीसाठी ७६३ ब्लॉक हाताशी राहिले; जागा लागली सुमारे ३.२ जीबी. आपल्या प्रतीत पाच ब्लॉक बिघडलेले निघाले, राखीव ब्लॉकांपैकी पाच वापरले गेले, आणि तयार झालेली फाइल आमच्या साठ्यातल्या प्रतीशी बाइटगणिक जुळते. दुरुस्तीच्या वेळी `par2` बिघडलेली फाइल नाव बदलून बाजूला ठेवते आणि शेजारी नवी लिहिते, त्यामुळे डिस्कवर फाइलच्या दुप्पट जागा मोकळी हवी, हे आधीच पाहावे.

पॅरिटीची टक्केवारी वाढवा, अशी सूचना आपण दूरध्वनीवर केली होती. आमच्या मते टक्केवारीपेक्षा ब्लॉकचा आकार अधिक महत्त्वाचा आहे. ब्लॉकमधला एक बिट बिघडला काय किंवा अख्खा ब्लॉक गेला काय, दुरुस्तीचा एक ब्लॉक खर्ची पडतोच. याच फाइलला ६४ एमबीचे ब्लॉक धरले असते तर एकूण ९५४ ब्लॉक आणि ५ टक्क्यांचे ४८ राखीव ब्लॉक झाले असते. मग फाइलभर विखुरलेले ४९ खराब सेक्टर, म्हणजे जेमतेम २०० केबीचे नुकसान, ३ जीबी पॅरिटी असूनही दुरुस्त करता आले नसते. ४ एमबीच्या ब्लॉकांनी असे ७६३ घाव भरून निघतात. उलट बाजूने, `par2` एका संचात ३२,७६८ पेक्षा अधिक ब्लॉक करू देत नाही. चार टीबीचे अख्खे फोल्डर एकाच संचात घातले तर ब्लॉक किमान १२२ एमबीचा होतो. म्हणूनच आम्ही मोठ्या फाइलला तिचा स्वतंत्र संच करतो. आपल्याला फोल्डरमध्ये पॅरिटी फाइल्सची ‘गर्दी’ दिसते ती यामुळे, आणि ती कमी करण्याचा आमचा विचार नाही.

पॅरिटीची मर्यादाही इथे स्पष्ट केलेली बरी. पाच टक्के पॅरिटीतून पाच टक्क्यांपर्यंतचेच नुकसान भरून येते. डिस्कच बंद पडली किंवा फाइल चुकून पुसली गेली, तर दुसरी प्रतच लागते. पॅरिटी फाइल्स स्वतःही खराब होऊ शकतात, पण त्यांच्यातल्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा चेकसम असतो, म्हणून बिघडलेला तुकडा तेवढा बाजूला पडतो आणि उरलेले कामी येतात.

आणखी एक गोष्ट अनेकांना चकवते. संकलनाचे किंवा सूचीचे एखादे सॉफ्टवेअर फाइलमध्ये शीर्षक, टॅग असे काही परस्पर लिहिते, आणि पुढच्या पडताळणीत फाइल ‘बिघडलेली’ दिसते. बदलाची तारीख अलीकडची असेल आणि खराब ब्लॉक फाइलच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी असतील, तर हा संशय आधी घ्यावा. बिट रॉटने, म्हणजे साठवलेले बिट आपोआप बिघडल्याने, बदलाची तारीख पुढे सरकत नाही.

आपल्याकडच्या डिस्कसाठी नेमाने पडताळणी हेच स्क्रबिंग होय. कपाटात ठेवलेली डिस्क दर तीन ते सहा महिन्यांनी जोडून प्रत्येक संचावर `par2 verify` चालवावे. १५० एमबी प्रतिसेकंद या वेगाने चार टीबी नुसते वाचायलाच साडेसात तास लागतात, तेव्हा हे काम रात्री लावलेले सोयीचे. अंतर फार वाढवू नये, कारण दोन पडताळण्यांमध्ये साचलेले नुकसान राखीव ब्लॉकांच्या आत राहिले तरच दुरुस्ती शक्य असते.

`A017.mov` ची दुरुस्त प्रत आणि `A017.map` या दोन्ही फाइल्स आपल्या खात्यात ठेवल्या आहेत. मॅप फाइलमध्ये न वाचता आलेली ठिकाणे एकाच भागात दाटलेली दिसतात, म्हणून त्या डिस्कवर यापुढे नवे काही लिहू नये. तिच्यावरच्या उरलेल्या फाइल्स याच पद्धतीने उतरवून घ्याव्यात. ज्या उतरवताना पॅरिटीही अपुरी पडेल त्यांची नावे कळवल्यास साठ्यातली प्रत आम्ही पाठवू.

आपले,
संग्रहसेवा व्यवस्थापन