लाईट, प्लस, प्रो सोडा. स्कूटरच्या नावात दोनच गोष्टी सांगा

आमच्या सबडीलरांच्या ग्रुपवर सध्या नावांची जत्रा भरली आहे. नागपूरकडची एक छोटी कंपनी एकाच बॉडीत तीन इलेक्ट्रिक स्कूटर काढतेय. लहान बॅटरी, मधली बॅटरी, मोठी बॅटरी. वेगही त्याच क्रमाने ४५, ६० आणि ७५. नाव असं पाहिजे की ऐकताच गिऱ्हाइकाला कळावं, गाडी किती जाते आणि किती पळते, असं त्यांचं म्हणणं. कालपर्यंत ग्रुपवर टायगर, टायगर प्लस, टायगर प्रो मॅक्स इथवर गाडी आली होती. ताडोबा जवळ आहे म्हणून वाघ कुठेही बसवायचा का, हा प्रश्न वेगळा.

मला यात थोडं लांबलचक बोलायचं आहे, कारण काउंटरवर त्या नावाचा अर्थ समजावत मी बसतो, कंपनी बसत नाही.

आधी बाजारात काय चाललंय ते बघा. डिसेंबर २०२४ मध्ये हिरोची विडा व्ही२ आली. तिच्यात लाईट, प्लस आणि प्रो. लाईटची बॅटरी २.२ किलोवॅट-अवर आणि वेग ६९, प्लस ३.४४ आणि ८५, प्रो ३.९४ आणि ९०. म्हणजे एकच शिडी. पायरी चढलात की बॅटरीही वाढते आणि वेगही वाढतो. ऐकायला हे सोपं आहे आणि नावाचा क्रमही कळतो. पण या शिडीवर एक पायरीच नसते, आणि नेमकी तीच आमच्याकडच्या माणसाला हवी असते. ती म्हणजे लांब जाणारी, पण फार न पळणारी गाडी.

दारव्ह्याहून यवतमाळला रोज जाणाऱ्या एका शिक्षकाचं उदाहरण घ्या. एका बाजूने चाळीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन ऐंशी. शाळेत चार्जिंगची सोय नाही आणि वाटेत भरवशाचा पॉइंट नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काहो भाऊ, हे एका चार्जिंगमंदी परत येते का?" ९० च्या वेगाशी त्याला काही देणंघेणं नाही. त्या रस्त्यावर ट्रक-ट्रॅक्टरच्या मधून नव्वदने जायची हौस त्याच्या बायकोलाही नाही. पण मोठी बॅटरी हवी तर शिडीच्या वरच्या टोकाची गाडी घ्या आणि वेगाचे पैसेही मोजा, असं नाव त्याला सांगतं. मग तो मधली घेतो आणि पावसाळ्यात उलट्या वाऱ्यात अडकतो.

हिशेब सांगतो, म्हणजे नुसतं मत राहणार नाही. बॅटरीचा किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या लाईट बिलातलं युनिट. २.९ ची बॅटरी म्हणजे २.९ युनिट वीज पोटात. कंपन्यांची प्रमाणित रेंज तपासा, बऱ्याच जणांची एका युनिटला साधारण ४२ किलोमीटर निघते. व्ही२ लाईटचे ९४ भागिले २.२ करा, प्रोचे १६५ भागिले ३.९४ करा, दोन्ही तिथेच येतात. हा आकडा खोटा नाही, पण तो रोलरवर, ठरलेल्या वेग-ब्रेकच्या चक्रात काढलेला असतो. आमच्या रस्त्यावर एकटा माणूस चाळीसने निवांत गेला तर मी ३५ धरतो. मागे बायको, पायात पिशवी आणि काटा पंचावन्न-साठवर, मग २७. तर २.९ युनिटची गाडी एकट्याने हळू चालवली तर १०१ जाते आणि डबलसीट साठने गेली तर ७८. ऐंशीची फेरी यातल्या पहिल्या हिशेबात आरामात होते आणि दुसऱ्यात शेवटच्या दोन किलोमीटरला ढकलावी लागते. खरं तर त्याच्याही आधी, कारण बॅटरी तळाला आली की गाडी स्वतःच वेग कापते.

हे का होतं? हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० वरून ६० वर गेलात की तो सव्वादोनपट होतो. टायरचं घर्षण तेवढं वाढत नाही, म्हणून रेंज निम्मी होत नाही, पण चांगली घटते. म्हणून रेंज आणि वेग या दोन गोष्टी एका नावात एकदम छापल्या की त्यातली एक तरी थाप ठरते. ब्रोशरवरची रेंज इको मोडची आणि वेग स्पोर्ट मोडचा. दोन्ही एकाच फेरीत कुणालाच मिळत नाहीत.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की नावात किलोमीटर घालूच नका. 'टायगर १२०' म्हटलं की गिऱ्हाईक १२० धरूनच घरून निघतं, आणि ९५ ला थांबलं की माझ्या दुकानात येऊन माझ्याच नावाने बोंबलतं. शिवाय बॅटरी म्हातारी होते. एथरची आठ वर्षांची वाढीव वॉरंटी आहे, तीही बॅटरीचं आरोग्य ७० टक्क्यांच्या खाली जाणार नाही एवढीच हमी देते. बॉडीवरचा १२० मात्र तसाच चकाकत राहतो आणि जुनी गाडी विकताना भांडण लावतो.

त्याऐवजी बॅटरीचे युनिट घाला. हे बजाजने चेतकमध्ये केलंही आहे. २९०१ मधले २९ म्हणजे २.९, ३५०१ मधले ३५ म्हणजे ३.५. इथवर मला ही पद्धत फार आवडते. युनिट ही कारखान्यात ठरलेली गोष्ट आहे, ती चालवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून नाही. आणि लाईट बिल भरणाऱ्या कोणत्याही माणसाला गुणाकार शिकवता येतो. फक्त कंपनीने आकडा वापरायला मिळणाऱ्या बॅटरीचा छापावा. तळाचा थोडा भाग बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, राखून ठेवते, तो नावात मोजायचा नाही.

पण चेतकची गाडी पुढे घसरते ती शेवटच्या आकड्यावर. ३५०१, ३५०२, ३५०३. तिन्हीत बॅटरी ३.५. आता सांगा, कोणती जास्त पळते? साध्या माणसाला वाटणार ३५०३, आकडा मोठा आहे म्हणून. प्रत्यक्षात ३५०१ चा वेग ७३ आणि ३५०३ चा ६३, किंमतही ३५०३ चीच कमी. मजा अशी की मोठी बॅटरी आणि कमी वेग असलेली ही ३५०३ म्हणजे आमच्या शिक्षकाला हवी तीच गाडी. नसलेली पायरी त्यांनी बांधली, आणि नावात ती कुणाला दिसत नाही.

विहिरीची मोटर घेताना कुणी नुसतं "पाच एचपी द्या" म्हणून उठत नाही. पाणी किती फुटांवर आहे हेही सांगतो, कारण एचपी एक गोष्ट आणि हेड दुसरी. स्कूटरचं नावही असंच दोन भागांचं हवं. आकडा बॅटरीसाठी, शब्द वेगासाठी.

वेगाला शब्दच का? कारण वेगाचा नेमका आकडा आमच्या उन्हात टिकत नाही. मे महिन्यात दुपारी ४५ अंशात सलग चालवली, त्यात चढ आणि डबलसीट, की मोटर-कंट्रोलर तापतो आणि गाडी स्वतःची ताकद कमी करते. तेव्हा ७५ वाली ६० वर अडते. आकडा छापला असता तर भांडण, शब्द छापला तर क्रम कळतो, तेवढंच पुरे.

माझा प्रस्ताव: झुळूक, वारा, वादळ. झुळूक म्हणजे ४५ वाली, वारा ६० वाली, वादळ ७५ वाली. यातलं मोठं कोणतं हे दुसरीतल्या पोरालाही विचारायची गरज नाही. पुढे बॅटरीचा आकडा. झुळूक १९, वारा २९, वादळ ३९. इथवर तुमच्याच तीन गाड्या झाल्या. पण नाव दोन भागांचं झालं की चौथी गाडी आपोआप दिसायला लागते: वारा ३९. तीच मोठी बॅटरी, वेग ६० वर बांधलेला. डबलसीट साठने ३.९ गुणिले २७ म्हणजे १०५, यवतमाळची फेरी करून वर पंचवीस शिल्लक. कंपनीला नवा साचा नको, नवी बॉडी नको, वेगाची मर्यादा कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरते. लाईट-प्लस-प्रोच्या शिडीवर ही गाडी ठेवायला जागाच नव्हती, म्हणून ती कुणाला सुचलीही नाही.

ग्रुपवर एकाने गाव, तालुका, जिल्हा अशी नावं सुचवली. गाव म्हणजे जवळची, जिल्हा म्हणजे लांबची. कल्पना गोड आहे, मलाही आधी पटली. पण सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेच्या आसपास आहे. तिथला माणूस 'जिल्हा' नावाची गाडी घेऊन जिल्ह्याला निघाला तर आलापल्लीच्या पुढे जंगलात उभा राहील. आणि 'गाव' नावाची गाडी कॉलेजातलं पोरगं फुकट दिली तरी घेणार नाही. नावामुळे खालची गाडी हलकी वाटली की लोक कर्ज काढून वरची घेतात आणि हप्ता थकवतात. लाईटचंही तेच होतं.

झुळूक बायकांची गाडी वाटेल, असा आक्षेप येईल. वाटू दे. आशाताई, अंगणवाडीताई आणि बचतगटवाल्या चांगल्या संख्येने येतात, आणि वेग कमी आहे का हे त्याच आधी विचारतात. पण हायवेवरून रोज जाणाऱ्या बाईला मी झुळूक देणार नाही. ट्रकला ओलांडायला ४५ पुरत नाही, ते तिला मी तोंडावर सांगणार.

एक गोष्ट मात्र या रांगेत अजिबात घुसवू नका. ताशी २५ आणि २५० वॅटच्या आतली गाडी, जिला लायसन्स लागत नाही आणि पासिंगही नाही. पुढेमागे कंपनीने ती काढली तर तिला वाऱ्याच्या घराण्यातलं नाव नको, पूर्ण वेगळं द्या. नाहीतर भावाची झुळूक बिनलायसन्सची म्हणून बहीण आपली झुळूक १९ घेऊन निघेल आणि चौकात पावती फाडून येईल.

बॅटरी पुढच्या वर्षी ४.२ ची झाली तर काय, असं कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं. मग वारा ४२ करा. आरसीवर मॉडेलचं नाव छापलं जातं, त्यामुळे जुनी वारा ३९ वेगळी आणि नवी वारा ४२ वेगळी हे दहा वर्षांनी सेकंडहँड घेणाऱ्यालाही कागदावर दिसेल. नाव तेच ठेवून आत बॅटरी बदलायची, किंवा एथर रिझ्टा झेडसारखी एकाच नावावर २.९ आणि ३.७ अशा दोन बॅटऱ्या ठेवायच्या, हे शहरातल्या शोरूममध्ये चालून जातं. आमच्याकडे गिऱ्हाईक शेजाऱ्याची गाडी बघून "तीच द्या" म्हणतं.

सोमवारी हे सगळं कंपनीला पाठवतोय. दर्यापूर, अचलपूर, पुसद, वणीकडच्या मंडळींनी आपापल्या रोजच्या फेरीचं अंतर आणि डबलसीट की एकटं, एवढं खाली लिहा. माझा २७ चा आकडा तुमच्या चढावर चुकत असेल तर तेही लिहा, मेळघाटवाल्यांनी तर नक्कीच.