‘१४०० कुठून आणलेत?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भिंतीला बिजागरीनं जोडलेल्या आडव्या दांड्याच्या गणितात टोकाच्या केबलमधला ताण मी १४०० न्यूटन काढला होता. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

> «तुमचं उत्तर बघून हसू आलं. बिजागरीचं बल दांड्याच्याच दिशेनं असतं, हे अकरावीतल्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे उभा भार सगळा केबलवर, ताण ८०० भागिले साइन ३०, १६०० न्यूटन. १४०० कुठून आणलेत? केबलचं वजनही धरलेलं नाही. आकृतीतली अक्षरं तर भिंगानेच वाचावी लागतात.»

आकृतीतली अक्षरं बारीक आहेत, मान्य. मोबाईलवर तर फारच. मोठी आकृती टाकतो.

आता हसू येण्याबद्दल. चूक दाखवायला कुणाची ना नाही, पण अकरावीतल्या पोराला मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. अशा पोरांना मी बरीच वर्षं स्थितिशास्त्र शिकवलंय, आणि तुमचं हे वाक्य त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की पुढे काय येणार ते तोंडपाठ आहे. फरक एवढाच, की ती पोरं विचारतात; तुम्ही सांगताय.

तुमचं वाक्य एका परिस्थितीत अगदी बरोबर आहे. दांड्यावर दोनच ठिकाणी बलं लागत असतील, एक बिजागरीपाशी आणि दुसरं टोकाशी, तर बिजागरीचं बल दांड्याच्या रेषेतच असावं लागतं, नाहीतर दांडा फिरेल. आपल्या गणितात मात्र ४ मीटरच्या आडव्या दांड्याला स्वतःचं २०० न्यूटन वजन आहे, आणि ते मधोमध लागतं. टोकाला ६०० न्यूटनचा भार आणि तिथूनच ३० अंशांत भिंतीकडे वर गेलेली केबल. बलं तीन ठिकाणी झाली. नियम तिथेच गळून पडला.

१४०० कुठून आणले? बिजागरीभोवती आघूर्ण घेऊन:

```
T sin 30° × 4 = 200 × 2 + 600 × 4 = 2800
T = 1400 N
```

बिजागरीभोवतीच का, तर तिथलं अज्ञात बल या समीकरणातून आपोआप गळतं. आता तुमचे १६०० इथे घालून बघा. डावीकडे ३२०० येतात. म्हणजे ४०० न्यूटन-मीटर जास्त, आणि दांडा टोकाकडून वर उचलला जाणार. हे ४०० आले कुठून तेही सांगतो. दांड्याचं २०० न्यूटन वजन तुम्ही नकळत मधून उचलून टोकाला टांगलंत. २ मीटर सरकलं, २०० गुणिले २. हिशोब पैपैचा जुळतो.

आता बिजागरी. आडवा घटक १४०० cos ३०°, म्हणजे साधारण १२१२ न्यूटन, भिंतीपासून बाहेरच्या दिशेनं. उभा घटक ८०० वजा ७००, म्हणजे १०० न्यूटन, वर. एकूण बल दांड्याच्या रेषेपासून पाचेक अंश वर कलतं. १००चा पडताळा हवा असेल तर आघूर्ण टोकाभोवती घ्या. केबल आणि भार दोन्ही टोकातूनच जातात, म्हणून दोघेही बाद. उरतं V × ४ = २०० × २. म्हणजे केबलचा कोन बदला, भार दुप्पट करा, बिजागरीवरचा उभा घटक दांड्याच्या वजनाच्या निम्माच राहणार. ज्या बलाला तुम्ही शून्य म्हणताय ते या गणितातलं सगळ्यात हट्टी बल आहे!

शिकवायला लागण्यापूर्वी मी कारखान्यातही होतो, हे सांगायची वेळ तुम्ही आणलीत. तिथे असाच एक दांडा होता. भिंतीकडचं टोक वरून उघड्या खोबणीत नुसतं टेकवलेलं, ग्रीस लावलेलं. कुणीतरी केबल टोकावरून काढून मध्यावर बांधली. भार टोकालाच. आपलेच आकडे घाला: आघूर्णाचा हात निम्मा झाला, ताण २८०० झाला, त्याचा उभा घटक १४००. खाली ओढणारं वजन ८००च. उरलेले ६०० बिजागरीनं खाली दाबायला हवेत, आणि वरून उघडी खोबण दाबणार कशी? भार चढवला तसं ते टोक खोबणीतून वर सरकलं. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

तुमच्या रीतीनं मात्र केबल टोकाला बांधा, मध्यावर बांधा, उत्तर १६००च. कारण तुमच्या समीकरणात ती कुठे बांधलीय याला जागाच नाही. हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही, मला खरंच कळत नाही.

केबलच्या वजनाचं काय सांगू? साडेचार मीटरच्या बारीक तारेला या भारांपुढे कोण विचारतं. पुढच्या वेळी धरा हवं तर. आधी मध्यावरच्या केबलचं आघूर्णाचं समीकरण १६०० घालून इथेच लिहा, मग बोलू.